शेवग्याचे सुरवंट, बाजरीवरचे हिंगे आणि अंगावर उठणारं काहीबाही: कोणता किडा, ते कसं ओळखायचं?

प्रश्न: मॅडम, आम्ही जत तालुक्यातले. दारात शेवग्याचं झाड आहे, त्याच्या बुंध्यावर केसाळ अळ्यांचे झुपके बसलेत. आठ दिवस झाले, बायको, आई आणि धाकटा पोरगा तिघांच्या मानेवर, हातांवर बारीक पुरळ आणि भयंकर खाज आहे. अळीला हात कुणीच लावलेला नाही. त्यातच परवा संध्याकाळी मी बाजरीची राखण करून आलो. मानेवर काहीतरी वळवळलं म्हणून हातानं चिरडलं होतं. सकाळी उठलो तर मानेवर रुपयाएवढा पाण्याचा फोड, आणि कोपर जिथं दुमडतं तिथं समोरासमोर दोन फोड. दुखत फारसं नाही. गावात कुणी म्हणतं घोणस अळी, कुणी म्हणतं नागीण. नक्की काय आहे? आणि पोराला शाळेत पाठवू का?

उत्तर:

तुमच्या घरात एकाच आठवड्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या आहेत आणि दोन्हींमध्ये घोणस अळी नाही. तिघांची खाज शेवग्यावरच्या अळ्यांच्या केसांमुळे आहे. तुमचे फोड बाजरीच्या कणसावर येणाऱ्या हिंगे नावाच्या भुंग्यांमुळे आहेत. काही गावांत यांनाच सोसे म्हणतात. नागिणीसारखं तुमच्या वर्णनात काहीच नाही. प्रत्यक्ष न पाहता हे इतक्या ठामपणे सांगते आहे, कारण नेमक्या ज्या खुणांवरून हे ओळखायचं त्या तुम्ही स्वतःच लिहिल्या आहेत.

माझ्याकडे पावसाळ्यात असा पेशंट आला की अंगावरचं पुरळ बघण्याआधी मी विचारते, लागल्यानंतर किती वेळानं त्रास सुरू झाला. लागताक्षणी आग झाली, तासाभरात खाज सुटली, की रात्र गेली आणि सकाळी फोड दिसला? या एका उत्तरावर निम्मा निकाल लागतो. त्यानंतर विचारते, घरात आणखी कुणाला झालंय का. तुमच्याकडे तिघांना एकदम खाज आहे आणि फोड मात्र फक्त तुम्हालाच आहेत, तेही शेतातून आल्यावर. म्हणून दोन्हींची कारणं वेगळी.

आधी शेवग्याचं बघू. पावसाळ्यात शेवग्यावर येणारी ही अळी मळकट तपकिरी असते आणि अंगभर लांब, करडे-पांढरट केस असतात. दिवसा या अळ्या बुंध्यावर एकमेकींना चिकटून झुपक्यानं बसतात आणि रात्री वर चढून पाला खातात. लांबून पाहिलं तर खोडाला करड्या केसांचा पट्टा चिकटवल्यासारखं दिसतं. झाडाखाली काळसर लेंड्यांचा सडा आणि वर पाल्याच्या नुसत्या काड्या उरल्या असतील तर शंकाच नको. यांचा पतंग मोठा, पिवळसर तपकिरी असतो. चांगले पाऊस झाले की तो बाहेर पडतो आणि पानांवर, कोवळ्या फांद्यांवर पुंजक्यानं अंडी घालतो.

अळीला कुणी हात लावला नाही तरी तिघांना खाज कशी, हा तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि खरं कारण तिथंच आहे. अशा अळ्यांच्या अंगावर डोळ्यांना दिसणारे लांब केस असतातच, पण त्रास देतात ते बारीक, ठिसूळ केस, जे सहसा नजरेला दिसतही नाहीत. ते मुळापासून सुटतात. अळी कात टाकते तेव्हा कातीबरोबर बुंध्यावर राहतात, वाऱ्यानं उडतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर, अंथरुणावर, अंगणातल्या खाटेवर येऊन पडतात. तुमची कपडे वाळवायची दोरी बहुतेक त्याच झाडाला बांधलेली असेल, किंवा झाडाखालून जात असेल. एकदा बघून घ्या. पुरळ मानेभोवती, मनगटावर आणि कमरेपाशी, म्हणजे कपड्याची कड जिथं घासते तिथं जास्त असेल, तर केस कपड्यांतूनच लागताहेत असं समजा.

हा केस माझ्या टेबलावर मी अनेकांना दाखवते. खाजणाऱ्या जागेवर पारदर्शक चिकटपट्टी दाबायची, सरळ उचलायची आणि उजेडात भिंगाखाली धरायची. पट्टीवर आपली लव असतेच, ती मऊ आणि एका टोकाला निमुळती. तिच्या मध्ये एखादा आखूड, ताठ, दोन्ही टोकांना टोकदार तुकडा आडवा पडलेला दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्याच्या अंगावर एकाच दिशेनं वळलेले बारीक काटे असतात. गवताचं कुसळ धोतरात जसं हलवावं तसं आत आत जातं, तसाच हा केस चोळल्यावर कातडीत शिरतो. म्हणून खाजवून खाज वाढते. राख चोळणं, गोणपाटानं घासणं, टॉवेलनं खसाखसा पुसणं हे गावाकडचे सगळे उपाय केस बाहेर काढण्याऐवजी आत ढकलतात आणि एका जागेचे केस दहा जागी पसरवतात.

याचं पुरळ कसं दिसतं? मोहरीएवढे, लालसर, कडक ठिपके, शेजारी शेजारी दाटीनं आलेले. मध्ये एखाद्या ठिपक्याच्या टोकाला पाण्याचा बारीक थेंब असू शकतो, पण मोठा फोड येत नाही. खाज सहसा काही मिनिटांत ते काही तासांत सुरू होते, रात्री वाढते, आणि नवे केस लागायचे थांबले तर काही दिवसांत ओसरते. तुमच्या घरात आठ दिवस चाललंय याचा अर्थ औषध लागू पडत नाही असा नाही. केस अजून लागताहेत असा आहे. झाड आणि कपडे यांचा बंदोबस्त झाल्याशिवाय कोणतंही मलम पुरं पडणार नाही.

एक गोष्ट इथंच सांगते, कारण तिच्यापायी लोक दिसेल ती केसाळ अळी चिरडत सुटतात. केसाळ म्हणजे विषारी असं नाही. सोयाबीन, सूर्यफुलावर झुंडीनं येणाऱ्या केसाळ अळ्या पिकाची चाळण करतात, पण हाताला लागल्या तर बहुतेकांना फार काही होत नाही. उलट, घोणस अळीच्या अंगावर केसांचं रान नसतं, तरी ती जास्त झोंबते.

घोणस अळीची भीती आपल्या भागात २०२२ च्या पावसाळ्यापासून बसली आहे. मोबाइलवर फोटो फिरले, माणूस मरतो अशा बातम्या झाल्या आणि लोक उसात जायला घाबरू लागले. ही अळी बुटकी, जाड, चपटी असते. पाय दिसत नाहीत, गोगलगायीसारखी सरपटते. रंग बहुधा पोपटी हिरवा, पाठीवर निळसर किंवा पांढरट पट्टा, आणि कडेनं व पाठीवर ओळीनं मांसल उंचवटे. प्रत्येक उंचवट्यावर काट्यांचा झुबका. हे काटे पोकळ असतात आणि त्यांच्या बुडाशी विष असतं. हात लागला की काटा टोचतो आणि विष आत जातं, त्यामुळे त्याच क्षणी आग होते. एरंडी, आंबा, नारळ यांच्या पानांच्या खालच्या बाजूला ही सापडते, बांधावरच्या गवतातही दिसते. हिची लागण झालेला माणूस कधीच म्हणत नाही की सकाळी उठलो आणि दिसलं. तो कुठल्या पानाला हात लावला ते सांगतो, कारण तिथल्या तिथं हात झटकलेला असतो. आग काही तासांत उतरते, टोचल्याचे ठिपके दिवसभर राहतात. निरोगी माणूस यानं मरत नाही. धाप लागली, ओठ-डोळे सुजले, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली तर मात्र ती तीव्र ॲलर्जी आहे. तेव्हा घरी बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

आता तुमचे फोड.

बाजरी फुलोऱ्यात आली की हिंगे कणसावर येतात आणि परागकण खातात. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ या पट्ट्यात बाजरी आहे, म्हणून तिथले पेशंट माझ्याकडे साधारण त्याच दिवसांत येतात. तूर, मूग, भेंडी, भोपळा, अंगणातली जास्वंद, इथंही फुलं कुरतडणारे हिंगे दिसतात. सगळ्यांत सहज ओळखू येतो तो काळा, पंखांवर नारिंगी किंवा तांबूस आडवे पट्टे असलेला. बाजरीवर येणारे काही पट्ट्यांविनाचे असतात, काही काळपट-तपकिरी, काही चमकदार हिरवट-निळे. म्हणून रंगावर फार विसंबू नका, बांधा बघा. अंग लांबट, साधारण दीड ते अडीच सेंटिमीटर. डोकं रुंद आणि खाली झुकलेलं, डोक्यामागं मान आवळल्यासारखी बारीक, पाय लांब. पाठीवरचे पंख इतर भुंग्यांसारखे टणक नसतात, चामड्यासारखे मऊ असतात आणि पोटावर सैल बसतात. मान बारीक आणि पंख मऊ या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर तो हिंगाच समजून चाला.

हिंगा चावत नाही आणि डंखही मारत नाही. त्याच्या रक्तातच विष असतं. लांब चिमट्यात एक हिंगा अलगद धरला तर तो आधी मेल्यासारखा पाय आखडून घेतो, आणि मग गुडघ्याच्या सांध्यांवर पिवळसर पाण्याचे बारीक थेंब उभे राहतात. त्या थेंबात कॅन्थरिडिन असतं. मानेवर चालत असलेला हिंगा तसाच उडून गेला असता तर कदाचित काहीच झालं नसतं. तुम्ही तो चिरडलात, म्हणजे अंगातलं सगळं रक्त कातडीवर फासलं गेलं.

कॅन्थरिडिन लागलं तेव्हा तुम्हाला काहीच जाणवलं नाही, हे त्याचं मोठं लक्षण आहे. ते आम्लासारखं जाळत नाही. ते कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींमध्ये शिरतं आणि पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे सांधे सोडवतं. हे काम व्हायला काही तास लागतात. पेशी सुट्या झाल्या की मधल्या पोकळीत पाणी भरतं आणि फोड उभा राहतो. म्हणून संध्याकाळी चिरडलेल्या किड्याचा फोड सकाळी दिसतो. तो सैलसर, स्वच्छ पाण्याचा, भोवती लाली अगदी थोडी आणि दुखणं बेताचं. ही उकल वरच्याच थरात होते, खालच्या थराला धक्का लागत नाही, त्यामुळे फोड चिघळला नाही तर व्रण राहत नाही. आठ-दहा दिवसांत कातडी भरून येते. काळपट डाग मात्र काही आठवडे दिसतो, त्याला घाबरू नका.

कोपराच्या घडीतले समोरासमोरचे दोन फोड तर मला सगळ्यांत जास्त पटले. मानेवरून हात फिरवताना विष हाताला लागलं, हात दुमडला, आणि घडीच्या एका बाजूचं विष दुसऱ्या बाजूवर उमटलं. आम्ही अशी जोडी दिसली की बाहेरून काहीतरी लागलंय असं धरूनच पुढं जातो. शरीराच्या आतून येणारा कोणताही आजार घडीच्या दोन्ही बाजूंना असा ठसा उमटवत नाही.

आणि म्हणूनच ती नागीण नाही. नागीण शरीराच्या एकाच बाजूला, एका नसेच्या पट्ट्यात उठते, आणि बहुतेकदा फोड येण्याआधी दोन-तीन दिवस त्या पट्ट्यात ठणका, जळजळ, विजेसारखे झटके असतात. फोड लहान लहान, लाल जागेवर घोसानं येतात. तुमचा फोड आधी कसलीही कळ न येता आला, मानेवर एक आणि कोपरापाशी दोन असा आला. हा फरक मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण चूक दोन्ही बाजूंनी होते. हिंग्याच्या फोडाला नागीण समजून त्यावर गेरूचा लेप दिला जातो आणि साधा फोड पिकतो. खऱ्या नागिणीला किडा समजून माणूस घरी बसतो आणि औषधाचे पहिले तीन दिवस निघून जातात. नागिणीच्या गोळ्या त्याच तीन दिवसांत सुरू झाल्या तर खरा उपयोग होतो. त्यामुळे आधी ठणका आणि मग एकाच बाजूला फोडांचा पट्टा असं कुणाला दिसलं तर किड्याचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कपाळावर, डोळ्याजवळ असेल तर तासही घालवू नका.

गोंधळ घालणारा आणखी एक किडा आहे. रात्री दिव्यावर येणारा, मुंगीसारखा बारीक, सेंटिमीटरभरही नसलेला, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा. पंख आखूड असल्यामुळे पोट उघडं दिसतं. याला बरेच लोक ॲसिड माशी म्हणतात. याचं विष वेगळं, कॅन्थरिडिन नव्हे. झोपेत अंगावर रगडला गेला की एक ते दोन दिवसांनी चाबूक ओढल्यासारखा लाल पट्टा उठतो, आग होते आणि मधोमध बारीक पिवळसर पुटकुळ्या येतात. घडीत समोरासमोरचा ठसा याचाही उमटतो, त्यामुळे फक्त जोडी बघून निकाल देऊ नका. लाली भरपूर, आग भरपूर, पट्टा लांब आणि उशिरा उठलेला, तर हा दिव्यावरचा किडा. लाली कमी, फोड मोठा आणि रातोरात आलेला, तर हिंगा. तीन-चार दिवस उलटले, खाजवून फोड फुटले, वर कसलं तरी मलम लागलं, की मग मलासुद्धा नुसत्या कातडीवरून दोन्हींत फरक करणं अवघड जातं. म्हणून पहिल्या दिवशीच मोबाइलवर एक स्वच्छ फोटो काढून ठेवा. किडा सापडला तर तोही झाकणाच्या बाटलीत आणा, मेलेला असला तरी चालेल, पण बोटांनी उचलू नका. मेलेल्या, वाळलेल्या हिंग्यातलं विषही तितकंच काम करतं.

आता उपचार. तुमचा फोड फोडू नका. वरची पातळ कातडी ही त्या जागेची सगळ्यांत चांगली पट्टी आहे. साबण आणि वाहत्या पाण्यानं सगळी मान, हात, नखं एकदा नीट धुऊन घ्या, परवाचे कपडे वेगळे धुवा. तेल, तूप, व्हॅसलीन यातलं काही किडा चिरडल्यावर लगेच लावायचं नसतं, कारण कॅन्थरिडिन चरबीत विरघळतं आणि तेलाबरोबर आणखी पसरतं. आपल्याकडे भाजलं, लागलं की पहिला हात खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो, म्हणून हे लक्षात ठेवा. मानेवरचा फोड कॉलरला घासून ताणला जात असेल तर दवाखान्यात निर्जंतुक सुईनं पाणी काढून घेता येतं, कातडी मात्र जागेवर ठेवायची. आपोआप फुटला तर स्वच्छ धुऊन अँटिबायोटिक मलम आणि सैल पट्टी. भोवतीची लाली पसरू लागली, पू झाला, ताप आला तर अंगावर काढू नका.

घरच्या तिघांसाठी क्रम महत्त्वाचा आहे. आधी चिकटपट्टी, मग पाणी. खाजणाऱ्या जागेवर पट्टी दाबून उचलायची, दर वेळी नवा तुकडा घ्यायचा, केस असलेला तुकडा पुन्हा अंगाला लावायचा नाही. नंतर साबणानं धुवायचं, पण हात चोळायचा नाही, नुसतं पाणी वाहू द्यायचं आणि अंग टिपून कोरडं करायचं. खाजेवर थंड पाण्याची घडी आणि कॅलामाइन चालतं. रात्री झोप लागत नसेल तर मोठ्यांना सेटिरिझिनची १० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते, त्यानं गुंगी येऊ शकते म्हणून घेतल्यावर गाडी चालवू नये. मुलाचं औषध वजनावर ठरतं, ते विचारून द्या. आईंना बीपी, किडनीचा किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर त्यांनाही विचारूनच द्या. पुरळ दाट असेल तर पाच-सात दिवस स्टिरॉइडचं मलम पातळ लावावं लागतं, पण त्याची ताकद चेहऱ्याला वेगळी, हाताला वेगळी. मेडिकलमधून तीन-चार औषधं एकत्र केलेली ट्यूब आणून सगळ्या घरानं लावू नका. त्यात बहुधा जोरदार स्टिरॉइड असतं. महिना-दोन महिने तीच ट्यूब पुरवून कातडी पातळ झालेली, गजकर्ण अंगभर पसरलेली माणसं मला रोज दिसतात.

मुलाचे डोळे मात्र आजच नीट बघा. डोळा लाल, पाणी येतंय, उजेड सहन होत नाही, काहीतरी टोचतंय असं तो म्हणत असेल तर चोळू देऊ नका. पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि नेत्रतज्ज्ञांकडे न्या. असा केस बुबुळात रुतून आत सरकू शकतो आणि साध्या टॉर्चनं तो दिसत नाही, मोठ्या यंत्रावरच बघावा लागतो. हिंगा चिरडलेला हात डोळ्याला लागला तरी हेच करायचं.

झाडाचा बंदोबस्त करताना मशाल पेटवून अळ्या जाळायची जुनी पद्धत दारातल्या झाडाला वापरू नका. अळ्या मरतात, पण केस धुराबरोबर आणि गरम हवेबरोबर उडतात आणि घरात जातात. सकाळी वारा नसताना पंपानं बुंधा आधी साबणाच्या पाण्यानं चिंब भिजवा, म्हणजे केस उडत नाहीत. मग लांब दांड्याच्या खराट्यानं अळ्या साबणपाण्याच्या बादलीत पाडा आणि खड्ड्यात पुरा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला फडकं आणि डोळ्यांना चष्मा हवाच. बुंध्यावर उरलेल्या काती, जाळीही भिजवून खरवडून काढा, कारण अळ्या गेल्यावर त्यांच्यातले केस तसेच राहतात. अळ्या लहान असतील तर ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी उपयोगी पडते. मोठ्या झाल्यावर तिचा भरवसा नाही. रासायनिक औषध मारायचंच झालं तर कृषी सहायकांना विचारा आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते आधी समजून घ्या, शेवग्याचा पाला आणि शेंगा तुम्ही खाता. अंगणात वाळलेले कपडे, गोधड्या झटकू नका, थेट गरम पाण्यात टाका. दोरी झाडापासून लांब हलवा.

बाजरीत जाताना मान झाकणारा रुमाल आणि पूर्ण बाह्या एवढं केलं तरी पुष्कळ. अंगावर हिंगा बसला तर हात मारू नका, फुंकर मारा किंवा कागदाच्या कडेनं ढकला. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात. वेचायचे असतील तर तेव्हा, हातमोजे घालून, साबणपाण्याच्या डब्यात. रात्री राखणीला बल्ब डोक्यावर टांगू नका, काही जातींचे हिंगे उजेडाकडे येतात. कणसांवर तुरळक असतील तर मी स्वतः औषध मारा असं म्हणणार नाही, कारण यातल्या बऱ्याच जातींच्या अळ्या जमिनीत नाकतोड्यांची अंडी खातात. प्रत्येक कणसावर गर्दी असेल तर दाणे भरण्यावर परिणाम होतो, तेव्हा कृषी सहायकांचा सल्ला घ्या.

ज्याची कुणी काळजी करत नाही ते म्हणजे पोटात जाणं. कॅन्थरिडिन पोटात गेलं तर तोंडात, घशात फोड येतात, पोटात आग होते, उलटी होते, आणि किडनीतून बाहेर पडताना ते मूत्रमार्ग सोलवटून काढतं. लघवीला जळजळ आणि रक्त दिसतं. रांगत्या मुलानं हिंगा तोंडात घातला असेल तर उलटी काढू नका, दूध-तूप पाजू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. जनावरांचंही तेच. घोड्याला हे विष फार लवकर लागू पडतं. अमेरिकेत लसूणघासाच्या वाळल्या चाऱ्यात चिरडलेले हिंगे गेल्यानं घोडी मेल्याची नोंद वारंवार झाली आहे. तुमच्या भागात मेंढ्यांबरोबर घोडी घेऊन फिरणारे मेंढपाळ बांधावर उतरतात. फुलावर आलेला, हिंग्यांनी भरलेला चारा कापून त्यांना देऊ नका, झाडून, बघून मगच द्या.

मुलाला शाळेत खुशाल पाठवा. शेवग्याच्या केसांचं पुरळ एकाचं दुसऱ्याला लागत नाही, तुमच्या फोडातल्या पाण्यानंही कुणाला लागण होत नाही. फक्त त्याचा गणवेश झाडाखाली वाळलेला असेल तर तो आधी गरम पाण्यातून काढा, आणि दप्तर अंगणात झाडाखाली ठेवत असेल तर तेही ओल्या फडक्यानं पुसून द्या.